अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम राहील

सरकारी कामाच्या छापील करारनाम्यात शेवटच्या पानांकडे एक कलम हमखास असते. कामाचा दर्जा, मोजमाप, नकाशांचा अर्थ किंवा कराराशी संबंधित अन्य कोणत्याही प्रश्नावर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम व उभयपक्षी बंधनकारक राहील, असा त्याचा आशय. सही करताना कंत्राटदार ते वाचत नाही आणि सही घेणारा अधिकारीही ते वाचून दाखवत नाही. राज्य शासनाच्या सेवेतील वर्षांत अशा कितीतरी करारनाम्यांवरून आमची नजर फिरली. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एखादा ओव्हरसियर किंवा एखादा कंत्राटदार निघतोच. त्यामुळे या कलमाने न्यायालयांत काय काय घडवले, याचा इतिहास आपल्या वाचकांना परका वाटू नये.

मुळात हे कलम भांडण मिटवण्यासाठी जन्मले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, डलहौसीच्या कारकिर्दीत, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि रस्ते, कालवे, पूल ही कामे ठेक्याने देण्याची रीत रुजली. चुना नीट मळला आहे की नाही, भराव पुरेसा दाबला आहे की नाही, हे जागेवर कोणीतरी ठरवलेच पाहिजे. प्रत्येक घमेल्यागणिक कोर्टात जाता येत नाही. तेव्हा देखरेख करणाऱ्या अभियंत्याचा शब्द अखेरचा, ही व्यवस्था कामाच्या सोयीची होती. अडचण पुढे आली. ‘कामाचा दर्जा’ या शब्दांना ‘अन्य कोणताही दावा वा हक्क’ हे शब्द जोडले गेले आणि देखरेख करणारा अधिकारी पैशांच्या भांडणात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतो आहे, असा भास होऊ लागला.

येथे कायद्याची एक गाठ समजून घ्यावी लागते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २८ सांगते की, कोर्टात दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे हिरावून घेणारा करार रद्दबातल ठरतो. त्याच कलमात लवादाचा अपवाद आहे. वाद लवादाकडे सोपवण्याचे ठरले असेल, तर तो करार चालतो. त्यामुळे ‘निर्णय अंतिम राहील’ हे कलम म्हणजे लवादाचा करार आहे की नाही, या एकाच प्रश्नावर सारे अवलंबून राहते. असेल, तर दिवाणी दावा थांबतो आणि वाद अधिकाऱ्याकडे जातो. नसेल, तर कंत्राटदाराला कोर्टाचे दार उघडे राहते.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे दोन खटले आले आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी निघाली. पहिला उत्तर प्रदेशचा होता. पाटबंधारे खात्याकडे केलेल्या कामाचे राहिलेले २,००० रुपये मिळावेत म्हणून एका कंत्राटदाराने दावा लावला होता. एवढ्याशा रकमेसाठी सरकार दिल्लीपर्यंत गेले! अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम असल्याचे कलम करारात आहे, म्हणून दावा थांबवून वाद लवादाकडे पाठवावा, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. या कलमात ‘वाद’ उपस्थित झाल्याचा किंवा तो कोणाकडे ‘सोपवण्याचा’ कोठेही उल्लेख नाही. कामावर देखरेख आणि प्रशासकीय नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तेवढा अभियंत्याला दिलेला आहे, असा निष्कर्ष निघाला.

दुसरा खटला आपल्या मध्य प्रदेशातला, जबलपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांविरुद्धचा. खाणपट्ट्याच्या करारात असे लिहिले होते की, या दस्ताचा अर्थ, जमीन किंवा रॉयल्टी यांविषयी काही शंका, मतभेद वा वाद निर्माण झाल्यास त्याचा निर्णय पट्टा देणारा करील आणि तो अंतिम राहील. पट्टा देणारा म्हणजे खुद्द सरकार. तरीही न्यायालयाने यास लवादाचा करार मानले. ‘लवाद’ हा शब्द दस्तात नसला तरी बिघडत नाही. वाद निर्माण होण्याची कल्पना आहे, तो ठरवणारा नेमलेला आहे आणि त्याचा निर्णय बंधनकारक आहे, एवढे पुरे, अशी त्यामागची भूमिका होती.

वरवर पाहता हे दोन निर्णय एकमेकांना छेद देतात. आमच्या मते फरक शब्दांत आहे आणि तो खराही आहे. पहिल्या दस्तात अभियंता स्वतःहून, काम चालू असताना, प्रश्न सोडवत असतो. दुसऱ्यात दोन पक्षांत वाद उभा राहतो आणि मग तो कोणापुढे तरी ठेवला जातो. पंजाबच्या एका जलविद्युत मंडलाच्या करारावरून २००७ मध्ये हाच धागा अधिक स्पष्ट झाला. खाते आणि कंत्राटदार यांच्यात कोणताही वाद उद्भवल्यास तो अधीक्षक अभियंत्यांकडे आदेशासाठी पाठवावा, असे तेथे शब्द होते. अधिकारी त्याच दर्जाचा, निर्णय तसाच अंतिम. परंतु ‘वाद’ आणि ‘पाठवावा’ हे दोन शब्द आल्यामुळे तो लवादाचा करार ठरला. करारनामा हाती आल्यावर हे दोन शब्द आधी शोधावेत.

यात बोचणारी गोष्ट अशी की, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच निवाडा करायला सांगायचे. कर्नाटकातील तीर्थहळ्ळीच्या भातगिरण्यांच्या प्रकरणात, १९८७ साली, न्यायालयाने याला एक मर्यादा घातली. करारभंग झाल्यास नुकसानभरपाईची रक्कम सरकार ठरवील आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करील, अशी तरतूद होती. न्यायालय म्हणाले, भंग झाल्याचे गिरणीवाल्यास मान्य असेल तर रक्कम ठरवा. परंतु भंग झाला की नाही यावरच वाद असेल, तर तो प्रश्न करारातील एका पक्षाने स्वतः ठरवायचा नाही. खात्यांतून नंतरही अशा वसुलीच्या नोटिसा निघत राहिल्या, ही बाब वेगळी.

मध्य प्रदेशाने मात्र निराळी वाट धरली. १९८३ साली ‘मध्य प्रदेश माध्यस्थम् अधिकरण अधिनियम’ झाला आणि भोपाळला कायमचे अधिकरण स्थापन झाले. शासनाच्या आणि शासकीय उपक्रमांच्या बांधकाम करारांतील ५०,००० रुपये वा अधिक निश्चित रकमेचे दावे, करारात लवादाचे कलम असो वा नसो, तेथे न्यायचे. अशा वादांत दिवाणी कोर्टाचे दार बंद झाले आणि अधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात पुनरीक्षण ठेवण्यात आले. खात्याच्या अभियंत्याऐवजी कायद्याने नेमलेले मंडळ आले, ही सुधारणा मोठी होती. परंतु खुर्ची बदलली तरी अभियंत्याचे दालन वाटेतून गेले नाही. करारात ठरलेल्या अंतिम अधिकाऱ्याकडे वाद आधी नेलाच पाहिजे, अशी अट कलम ७-ब मध्ये घातली आहे.

ही अट कशी चालते, हे उदाहरणाने पाहू. समजा, कालव्याच्या अस्तरीकरणाचे काम १० मार्च २००७ रोजी संपुष्टात आले आणि अखेरच्या देयकात ८ लाख रुपये कापले गेले. कंत्राटदाराने १ जानेवारी २००९ रोजी अंतिम अधिकाऱ्यास लेखी दावा दिला. अधिकारी निर्णय देईल, तर तो कळल्यापासून एक वर्ष मोजायचे. त्याने निर्णय दिलाच नाही, तर सहा महिने संपल्यावर, म्हणजे जून २००९ अखेरीपासून, एक वर्ष. या हिशेबाने २०१० च्या जूनअखेरपर्यंत अवधी आहे असे वाटते. मात्र पुढे घातलेल्या पोटकलमानुसार करार संपल्यापासून तीन वर्षांनंतर अधिकरण अर्जच दाखल करून घेत नाही. ती मुदत मार्च २०१० मध्येच संपते. मे महिन्यात भोपाळ गाठणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

फसगत होते ती या मधल्या काळात. खात्याकडून नकार येत नाही आणि होकारही येत नाही. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे पत्र येते, साहेबांची बदली होते, नवे साहेब फाईल पाहू म्हणतात. कंत्राटदार स्मरणपत्रे पाठवीत राहतो आणि तेवढ्याने मुदत वाढते असे समजतो. ती वाढत नाही. तेव्हा अर्ज पोचल्याची तारीखवार पावती आणि काम संपल्याची नोंद, हे दोन कागद ज्याच्याजवळ असतील त्यालाच आपली मुदत नीट मोजता येते.

याच पोटकलमाचे परंतुक आम्हांस नेहमी खटकत आले आहे. कंत्राटदाराला तीन वर्षे. अर्ज राज्य शासनाने केला तर तीस वर्षे! सरकारी दाव्यांना लांब मुदत देण्याची परंपरा जुनी आहे. १९०८ च्या मुदत कायद्यात ती साठ वर्षे होती, १९६३ च्या कायद्यात तीस झाली. सरकारचा कारभार शेकडो हातांतून चालतो, एखाद्याच्या आळसाने जनतेचा पैसा बुडू नये, हे तिचे समर्थन. ते अगदीच पोकळ नाही. परंतु ज्या करारावर दोघांनी एकाच दिवशी सही केली, त्याच्या हिशेबासाठी एकाने तीन वर्षांत धावावे आणि दुसऱ्याने एक पिढी थांबावे, यात समतोल दिसत नाही.

१९९६ चा केंद्रीय लवाद कायदा आल्यावर नवा पेच पडला. करारात लवादाचे स्पष्ट कलम असेल, तर भोपाळला जायचे की त्या लवादाकडे? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने केंद्रीय कायद्याच्या बाजूने कौल दिला. २०१२ मध्ये दुसऱ्या पीठास तो चुकीचा वाटला. पण रद्द झालेल्या करारांच्या वादांबाबत त्या दोघा न्यायमूर्तींतच मतभेद झाला. अखेर ८ मार्च २०१८ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की, बांधकाम करारांचे हे वाद राज्याच्या कायद्याखालीच येतात आणि २०१० चा निर्णय योग्य नव्हता. मधल्या आठ वर्षांत खाजगी लवादांनी दिलेल्या निवाड्यांचे काय? योग्य वेळी अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतलेला नसेल, तर केवळ त्या कारणाने निवाडा रद्द करू नये, असे त्यांनी सांगितले. ज्या पक्षाने सुरुवातीसच लेखी आक्षेप नोंदवला होता, तो तरला.

इतर राज्यांत आणि केंद्राच्या खात्यांत अधिकारीच लवाद असण्याची प्रथा मात्र दीर्घकाळ टिकली. २००९ पर्यंत सर्वोच्च न्यायालय म्हणत होते की, अधिकारी सरकारी नोकर आहे एवढ्यानेच तो पक्षपाती ठरत नाही. त्या करारात त्याचा प्रत्यक्ष हात असेल तर गोष्ट निराळी. २३ ऑक्टोबर २०१५ पासून कायदाच बदलला. कलम १२(५) आणि सातवी अनुसूची यांनी पक्षाच्या नोकरास लवाद होण्यास अपात्र ठरवले. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच अपवाद. २०१७ आणि २०१९ च्या निर्णयांनी आणखी एक फट बुजवली. जो स्वतः लवाद होऊ शकत नाही, त्याने आपल्या मर्जीने दुसरा लवादही नेमायचा नाही. मग खात्यांनी निवृत्त अधिकाऱ्यांच्या याद्या करून त्यांतूनच निवडा म्हणायला सुरुवात केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने, आपल्याच यादीतून लवाद निवडण्याची सक्ती दुसऱ्या पक्षावर करता येणार नाही, असा बहुमताने निर्णय दिला. सरकारी करारांत अशा एकतर्फी नेमणुका समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरल्या.

त्याच वर्षी, ३ जून रोजी, केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक ज्ञापन काढले होते. १० कोटी रुपयांपेक्षा मोठ्या वादांसाठी लवादाचे कलम आपोआप घालू नये, मध्यस्थीला उत्तेजन द्यावे आणि बाकीचे वाद न्यायालयांनी सोडवावेत, असा त्याचा रोख आहे. निवाडे वारंवार आपल्याविरुद्ध जातात, ही तक्रार त्यामागे आहे. अधिकारी लवाद होता तोवर सरकारला लवाद प्रिय होता. तो त्रयस्थ झाल्यावर सरकारचे मन त्यातून उठले, हा योग निव्वळ योगायोग मानायला आमचे मन तयार होत नाही.