तपकिरी रंगाची साक्ष

१८९५ सालच्या जून महिन्यात ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढून टाकले. तिचा आजार अंडाशयाचा नव्हता, स्तनाच्या कर्करोगाचा होता. स्तन पूर्वीच काढलेला होता, तरी छातीवर पुन्हा गाठी उठल्या होत्या आणि शस्त्रक्रियेला वाव उरला नव्हता. बीटसन यांनी तरुणपणी आपल्या प्रबंधासाठी दूध उत्पन्न होण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. गाय विल्यानंतर तिचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, ही गवळ्यांची माहिती त्यांच्या कानी आली होती. अंडाशय आणि स्तन यांच्यात काही अदृश्य नाते असले पाहिजे, एवढ्याच तर्कावर त्यांनी हे धाडस केले. आठ महिन्यांनी गाठींचा मागमूस उरला नाही. काही वर्षांनी रोग उलटला हे खरे, पण नाते सिद्ध झाले होते.

हा उपाय मग इतरांनीही करून पाहिला, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. सुमारे तीनांपैकी एका रुग्णेला गुण येई, उरलेल्या दोघींना शस्त्रक्रियेचे दुःख तेवढे सोसावे लागे. ती एक कोणती, हे आधी कोणालाही सांगता येत नसे, आणि पुढे साठ वर्षे ते तसेच राहिले.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे एल्वुड जेन्सन यांनी वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागून याचे उत्तर गाठले. अंडाशयातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक शरीरात कोठे जाते, हे पाहण्यासाठी त्यांनी त्याला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण जोडली आणि ते उंदरांच्या माद्यांना टोचले. इतर अवयवांतून ते लवकरच निघून गेले. गर्भाशयात मात्र ते कोणताही रासायनिक बदल न होता तासन्‌तास टिकून राहिले. तेथे त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असले पाहिजे, असे अनुमान निघाले. त्याला ग्राहक असे नाव मिळाले. स्तनाच्या काही गाठींत हा ग्राहक सापडतो, काहींत सापडत नाही. बीटसन यांच्या कोड्याची उकल येथे झाली, कारण ज्या पेशीत ग्राहक नाही तिला इस्ट्रोजेन मिळाले काय आणि न मिळाले काय, दोन्ही सारखेच. पुढे इस्ट्रोजेनची जागा अडवून धरणारे टॅमॉक्सिफेन हे औषध आले आणि अंडाशय काढण्याची गरज बऱ्याच अंशी संपली. पण ग्राहक आहे की नाही हा प्रश्न आता अधिकच मोलाचा ठरला. ग्राहक असलेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, आणि ग्राहक नसेल तर त्या औषधाचा उपयोग होत नाही.

आरंभी ही तपासणी करण्यासाठी गाठीचा ताजा तुकडा गोठवून, कुटून, त्याचा रस काढावा लागे. त्या रसात कर्कपेशी किती आणि निरोगी पेशी किती, हे कळायला मार्ग नसे. डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला तो ऊतींच्या प्रतिद्रव्य-रंजनाने, ज्याला रुग्णालयांत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. प्रतिद्रव्य म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा पदार्थ. त्याला खूण लावून ऊतींतले इष्ट द्रव्य शोधण्याची कल्पना अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली अमलात आणली. १९६६ साली नाकाने आणि पिअर्स यांनी खूण म्हणून एका विकराचा उपयोग केला. हा विकर योग्य रसायन मिळताच तेथल्या तेथे तपकिरी रंग तयार करतो. इस्ट्रोजेनचा ग्राहक पेशीच्या केंद्रकात राहतो, म्हणून तो असेल तर केंद्रके तपकिरी दिसतात, नसेल तर निळसरच राहतात. आज शंभर कर्कपेशींत एकीचे जरी केंद्रक रंगले, तरी गाठ ग्राहकयुक्त धरली जाते. मात्र एक ते दहा टक्क्यांपर्यंतच रंग असेल तर तसे वेगळे नमूद केले जाते, कारण अशा गाठींना औषधाचा गुण कितपत येतो हे तेवढे निश्चित नाही.

याच रंगाने दुसऱ्या एका ग्राहकाचीही साक्ष काढली जाते. हर-टू हा वाढीचा संदेश घेणारा ग्राहक केंद्रकात नसून पेशीच्या आवरणावर असतो, त्यामुळे तेथे रंग जाळीसारखा, पेशीभोवती कडे केल्यासारखा दिसतो. लॉस एंजेलिस येथे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले, की काही गाठींत या ग्राहकाच्या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात आणि त्या गाठी अधिक आक्रमक असतात. त्यावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. येथे रंगाला शून्यापासून तीनपर्यंत गुण देतात. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती गडद आणि पूर्ण कडे असेल तर तीन, आणि हे औषध देण्याजोगी गाठ. दोन गुण म्हणजे संशय. तेव्हा जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्या लागतात, कारण हे औषध महाग आहे आणि हृदयाला दुर्बल करू शकते.

रंग दिसला तर तो सहसा खरे बोलतो. अडचण येते ती न दिसलेल्या रंगाची. गाठ शरीराबाहेर काढल्यावर फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे केसाहून पातळ काप काढतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवून टाकते, आणि ग्राहक त्या गुंत्यात झाकला जातो. काप विशिष्ट द्रावणात उकळला की गुंता सैल होतो, हे १९९१ साली कळले. पण उकळणे कमी पडले किंवा गाठ फॉर्मॅलिनमध्ये पडण्यास उशीर झाला, तर ग्राहक असूनही रंग उमटत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात नेमके हेच घडले. तेथे सेंट जॉन्स शहरातील प्रयोगशाळेत १९९७ पासून हे रंजन केले जाई. २००२ साली एका रुग्णेची गाठ ग्राहकहीन ठरली. तिचा कर्करोग स्तनाच्या खंडिकांशी संबंधित अशा प्रकारचा होता, आणि त्या प्रकारात ग्राहक जवळजवळ नेहमी सापडतो. ही विसंगती तीन वर्षे कोणाच्या नजरेत भरली नाही. २००५ साली तिच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी मागितली. तोवर प्रयोगशाळेत नवे यंत्र आले होते, आणि त्याच गाठीत ग्राहक आढळला. मग जुने ठोकळे फेरतपासणीसाठी टोरांटोला पाठवण्यात आले. पावणेचारशेंहून अधिक रुग्णांचे निकाल बदलले. त्यांतल्या अनेकांना टॅमॉक्सिफेन मिळायला हवे होते, ते मिळाले नव्हते, आणि काही जणी तोवर हयातही नव्हत्या.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. कोणा एकाच्या अपराधापेक्षा पडताळणीची व्यवस्थाच नसणे, हे त्यात ठळकपणे दिसते. आणि पडताळणी तर त्या कापातच दडलेली असते. गाठीच्या आसपास बहुधा निरोगी दुग्धनलिका असतात, व त्यांच्या काही पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक निसर्गतःच असतो. गाठ निळी आणि शेजारची नलिका तपकिरी असेल, तर गाठीत ग्राहक खरोखरच नाही. दोन्ही निळ्या असतील, तर त्या कापाने काहीच सांगितलेले नसते, रंजन फसलेले असते. अशा वेळी दुसरा ठोकळा घेऊन तपासणी पुन्हा करावी लागते. २०२० सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार, दहा टक्के किंवा त्याहून कमी पेशी रंगलेल्या असतील, तर शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या की नाही, हे विकृतिशास्त्रज्ञाने अहवालात लिहायचे असते. अशा नलिका कापात नसतील, तर तेही लिहायचे असते.