झुडपी जंगल, गुरचरण आणि नीलगाय

दिवाळीत भाची आली होती. जन्म, शाळा सगळं बंगळूरचं. मराठी घरात बोलते, पण वाचायला आता कुठे शिकते आहे, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा. आम्ही नागभीडकडच्या गावी गेलो होतो, तिथे ओसरीवर जमिनीचे जुने कागद काढून बसलो तर ही शेजारी येऊन बसली.

"मामा, हे गुरुचरण म्हणजे देवळाची जमीन का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. "गुरुचरण नाही गं, गुरचरण. रु नाही, र."

"म्हणजे गुरांचे पाय?"

तिची चूक तरी काय? चरण म्हणजे पाय, हे ती रोज आजीच्या आरतीत ऐकते. इथला चरण मात्र 'चरणे' या क्रियापदातून आला आहे. गुरांनी चरायची जागा ती गुरचरण. ती हसली आणि पुढच्या ओळीवर गेली. "झुडपी जंगल. हे सोपं आहे, छोटं जंगल. कुठाय ते?"

मी बोट दाखवलं. तळ्याच्या पलीकडे उघडा माळ होता. चार बोरीची झुडपं, थोडी पळसाची, बाकी मुरूम आणि शेण. एक गाय उभी होती. भाचीनं माळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जंगल कुठाय?"

हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे तिला तेव्हा सांगितलं नाही. आता लिहितो.

दोन शब्द जोडून तिसरा करायचा, याला आपण शाळेत समास म्हणायचो आणि मार्कांपुरते विग्रह पाठ करायचो. पण परक्या माणसाला अर्थ काढायचा असेल तर विग्रहाइतकं कामाचं दुसरं काही नाही. मराठीत बहुतेक जोडशब्दांचा मालक शेवटी बसतो. रानडुक्कर हे डुक्कर, रानवाट ही वाट, मोहफूल हे फूल, तर फूलझाड हे झाड. म्हणून आधी शेवटचा शब्द धरायचा. मग दोघांच्या मधला गिळलेला शब्द शोधायचा, आणि तो दर वेळी वेगळा निघतो. रानडुक्कर रानात राहतं, रानवाट रानातून जाते. वनभोजन म्हणजे वनात जेवणं. वन खाणं नव्हे! पहिला शब्द तोच राहिला तरी नातं बदलतं, आणि ते नातं शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्याला जगाच्या माहितीवरून भरावं लागतं.

पण या दोन पायऱ्यांवर थांबलं तर फसगत होते. ताडोब्यात भाचीनं नीलगाय पाहिली. शेवटचा शब्द गाय, म्हणून गाय? नाही, ती कुरंगांच्या जातीतली. आमच्याकडे तिला रोही म्हणतात, तिथे हा घोळच नाही. ज्या कुणी 'नीलगाय' हे नाव दिलं त्यानं 'गायीसारखं दिसणारं' एवढंच म्हटलं होतं, ती गाय आहे असं वचन दिलं नव्हतं. म्हणून तिसरी पायरी लागते. शब्द ज्यानं जोडला त्यानं शेवटचा शब्द कोणत्या अर्थानं घेतला होता, हे विचारायचं. कधी, कुठे, कशासाठी जोडला, तेही.

तर 'झुडपी जंगल'. कागदावर दोन शब्द सुटे लिहितात, म्हणून हा समास नाही असं कुणी म्हणेल. एक साधी परीक्षा आहे. मध्ये आणखी एक शब्द घालून पाहा. 'झुडपी दाट जंगल' असं म्हटलं की ते नुसतं वर्णन होतं, महसुलातली ती नोंद राहत नाही. 'काळी मिरी' पाहा. 'काळी मोठी मिरी' म्हटलं की मसाल्याच्या डब्यातली ती ठरलेली वस्तू सुटून जाते. मध्ये फट पडू देत नाही ते एकच नाव, मग लिहा कसंही.

हे नाव कधी पडलं त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि मग चांदा जिल्ह्याची जमीन मोजून सारा ठरवायचं काम निघालं. गाव मालगुजाराच्या नावे लागलं. शेत कोणतं, तलाव कोणता, गावठाण कुठे, याच्या नोंदी होऊ लागल्या. जिथे नांगर चालत नव्हता आणि मोठी झाडंही नव्हती, अशी जमीन उरायचीच. गावकरी तिथे गुरं सोडत, काटक्या आणत, मुरूम-माती खणत. या हक्कांना आमच्याकडे निस्तार म्हणतात, आणि पुढे त्याचीही निस्तार पत्रकं झाली. अशा हलक्या, झुडपं उगवलेल्या, कुणाच्या वहिवाटीत नसलेल्या जमिनीला महसुलाच्या भाषेत 'झुडपी जंगल' हे नाव चिकटलं.

शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या नोंदींत हीच वाटणी 'बडे झाड का जंगल' आणि 'छोटे झाड का जंगल' अशी सापडते. ते मला फार बोलकं वाटतं. हिंदीत 'का' शिल्लक आहे, म्हणून विग्रह आपोआप झालेला आहे. आपल्या शब्दात तो गिळला गेला.

आता शेवटच्या शब्दाकडे. आज जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे सागवान, बांबू आणि वाघ येतो. पण संस्कृतातला 'जांगल' याच्या जवळपास उलटा आहे. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगतात, त्यात 'आनूप' म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, आणि 'जांगल' म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा. पुढे बोलीभाषांत जंगल म्हणजे न कसलेली, आपोआप उगवलेल्या झाडझाडोऱ्याची जमीन झाली. इंग्रजांनी तो शब्द उचलला. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये निघाला, त्यातही या शब्दाचा पाया कोरडी जमीन आणि पडीक झुडपाळ जागा असाच दिला आहे. घनदाट अरण्य हा अर्थ नंतर वर येत गेला. नोंद करणाऱ्या कारकुनाला संस्कृत आठवलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या वेळच्या 'जंगल' मध्ये आमचा माळ आरामात मावत होता. आजच्या 'जंगल' मध्ये तो मावत नाही. शब्द तोच राहिला आणि मालक आतल्या आत बदलला.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि ही जमीन सरकारकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. या सगळ्यात कागद नव्या दप्तरांत गेले, पण शब्द तसाच गेला. दरम्यान या जमिनींवर घरं उठली, शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, मसणवटे झाले. कुणाला त्यात जंगल दिसलंच नव्हतं.

मग २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धनाचा कायदा लागू झाला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागू लागली. तरी वन कशाला म्हणायचं हा प्रश्न होताच. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'वन' हा शब्द कोशातल्या अर्थानं घ्यायचा, शिवाय सरकारी नोंदीत जी जमीन वन म्हणून लिहिलेली आहे, तीही मालकी कुणाची का असेना, वनजमीनच. नोंदीत काय लिहिलं आहे? झुडपी जंगल. शेवटचा शब्द पाहा. झालं!

हा निकाल चुकीच्या हेतूनं आला असं नाही. गोदावर्मनच्या आदेशानं देशभरात पुष्कळ अरण्य वाचलं. पण पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत लाखो लोकांच्या पायाखालची जमीन एका जोडशब्दामुळे लटकली. वाद चालत राहिला आणि २२ मे २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. मसीह यांच्या पीठानं निकाल दिला. त्यात सुमारे ८६,४०९ हेक्टर झुडपी जंगलाचा प्रश्न होता. न्यायालयानं म्हटलं की १९९६ च्या आदेशाप्रमाणे ही वनजमीनच. मात्र अपवाद म्हणून, १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर वाटलेल्या आणि वापर न बदललेल्या जमिनी यादीतून काढण्यासाठी राज्यानं केंद्राकडे परवानगी मागावी. त्यासाठी बदल्यात झाडं लावायची किंवा पैसे भरायची अट घालू नये.

म्हणजे न्यायालयानं शब्दाचा शेवट मानला, आणि जमिनीवर प्रत्यक्षात काय आहे त्यासाठी वेगळी वाट काढली. मला यात दोन्ही बाजू कळतात. माळ मोकळा सोडला तर उद्या त्यावर प्लॉट पडतील, आणि मग गुरं कुठे जातील? तेवढ्यापुरता 'जंगल' हा शब्द आमच्या माळाचा राखणदार झाला आहे. पण त्याच शब्दानं कुणाच्या दोन पिढ्यांच्या घरालाही अतिक्रमण ठरवता आलं असतं.

भाचीला हे सगळं नंतर फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, ती पण झुडपांची पट्टी का?" मी खूश झालो, कारण पोरीनं आधी पट्टी धरली होती. म्हटलं, नाही गं. आमच्याकडे झाडी म्हणजे दाट रान. पुण्याच्या माणसाला बागेतली झाडी आठवेल, पण हे नाव ज्यांनी ठेवलं ते वाघाच्या भीतीनं दिवेलागणीला दार लावणारे लोक होते. तेव्हा आधी शेवटचा शब्द, मग मधला गिळलेला, आणि मग विचारायचं की हे नाव ठेवणारा कुठे उभा होता.

"आणि गुरचरण?"

"तिथे शेवटचा शब्द बरोबर धरलास, पण पाय समजलीस."

परवा गावाहून फोन होता. माळावरची बोर यंदा लगडली आहे म्हणे. झुडपी जंगलात एवढं तरी जंगल आहे. असो.