दुष्परिणामातून जन्मलेलं औषध: अ‍ॅसिटाझोलामाइड

फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात अ‍ॅसिटाझोलामाइड 'डाययुरेटिक्स'च्या प्रकरणात असतं, पण आज लघवी वाढवण्यासाठी ते क्वचितच देतात. मग ते तिथे कसं? उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

1930 च्या दशकात सल्फानिलामाइड हे जंतुविरोधी औषध वापरात आलं. 1937 मध्ये असं दिसलं की ते घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते. 1940 मध्ये केंब्रिजच्या मान आणि कीलिन यांनी कारण शोधलं: हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन बनवण्याचा वेग प्रचंड वाढवतं. किडनी हेच हायड्रोजन आयन वापरून गाळलेलं बायकार्बोनेट परत रक्तात घेते. एन्झाइम अडलं की बायकार्बोनेट लघवीतून जातं, सोबत सोडियम आणि पाणीही जातं, आणि रक्त आम्लतेकडे झुकतं.

1949 मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी हा दुष्परिणामच उपचार म्हणून वापरून पाहिला. हृदय कमजोर होऊन अंगावर सूज आलेल्या रुग्णांना त्यांनी सल्फानिलामाइड दिलं. सोडियम बाहेर पडलं, पण लागणारा डोस इतका मोठा होता की औषध फार काळ देणं शक्य नव्हतं. मग रॉब्लिन आणि क्लॅप या रसायनशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये याच गटातली नवी संयुगं प्रसिद्ध केली. त्यांतलंच एक, कितीतरी पटींनी प्रभावी, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड.

आता मर्यादा बघा. काही दिवसांत रक्तातलं बायकार्बोनेट इतकं घटतं की किडनीत गाळलं जाणारंच कमी होतं. त्यामुळे लघवीवरचा परिणाम ओसरतो. सूज उतरवणारं औषध म्हणून ते इथेच मागे पडलं.

पण डोळ्यातला द्रव तयार व्हायलाही हेच एन्झाइम लागतं, आणि तिथला परिणाम असा ओसरत नाही. 1954 मध्ये सेंट लुईसच्या बर्नार्ड बेकर यांनी दाखवलं की गोळीने काचबिंदूतला दाब उतरतो. इथे मॅनिटॉलशी गल्लत करू नका. ते शिरेतून देतात आणि ते एन्झाइमला हात लावत नाही. रक्ताचा ऑस्मोटिक दाब वाढवून ते डोळ्यातलं किंवा मेंदूतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे एक नळ बारीक करतं, दुसरं साचलेलं उपसतं.

उंच डोंगरावर तर आम्लताच कामी येते. विरळ हवेत आपण जोरात श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यामुळे श्वासाला ब्रेक लागतो. किडनीला हे दुरुस्त करायला काही दिवस लागतात. 125 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेतली, तर बायकार्बोनेट आधीच बाहेर पडतं आणि ब्रेक सैल होतो.

1937 मध्ये जी तक्रार होती, तीच इथे उपचार आहे. म्हणून 'साइड इफेक्ट्स'चा परिच्छेद वाचताना प्रत्येक ओळीला विचारा: हे नेमकं कोणत्या एन्झाइममुळे, आणि ते एन्झाइम शरीरात आणखी कुठे आहे?