स्पेक्ट्रोग्रामवरून गाणे जुळवणे

ध्वनिमुद्रणाच्या चित्रात परत परत येणाऱ्या आकृत्या मोजून अनोळखी तुकडा कोणत्या गाण्याचा आहे, हे ठरवण्याची रीत. चित्रात आडवा अक्ष वेळेचा, उभा कंप्रतेचा. आवाज जितका मोठा तितकी जागा उजळ. ढोलकीची थाप उभ्या रेघेसारखी उमटते, बेंजोचा किंवा गळ्याचा सूर एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्यांसारखा.

शब्द स्पष्ट ऐकू आले तर या खटपटीची गरज नसते. पण मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत किंवा शहापूरकडच्या हळदीत मोबाइलवर टिपलेल्या तुकड्यात गलका जास्त आणि शब्द कमी असतात. बेंजो पार्टी वाजवत असेल तर शब्द नसतातच.

समजा, असा आठ सेकंदांचा तुकडा ‘ऑडॅसिटी’मध्ये उघडला. आधी तळाशी पाहावे. 50, 100, 150 हर्ट्झवर न तुटता चाललेल्या सरळ रेघा बहुधा जनरेटरच्या किंवा विजेच्या गुणगुणीच्या असतात. त्या सोडून द्याव्यात. मग थापा मोजाव्यात. ठळक उभी रेघ दर 1.88 सेकंदांनी येते आणि दोन ठळक रेघांमधल्या अंतराचे आठ समान भाग पडतात, म्हणजे ठेका केरव्याचा. सहा भाग पडले असते तर दादरा.

ज्या गाण्याचा संशय आहे त्याच्या मूळ मुद्रणात हेच आवर्तन 2 सेकंदांचे आहे. अंतर जुळले नाही म्हणून गाणे बाद करू नये. आधी 2 ला 1.88 ने भागावे: सुमारे 1.064. आता मुखड्यातला लांब धरलेला सूर पाहावा. मूळ मुद्रणात तो 440 हर्ट्झवर आणि तुकड्यात 468 वर असेल, तर गुणोत्तर तेच येते. म्हणजे डीजेने तेच मुद्रण सहा टक्के जलद लावले आहे. मोबाइलवरची गाणे ओळखणारी ॲप अशा वेळी सहसा चकतात. लय बदलली आणि सूर जागेवर राहिला, तर ते वेगळे वादन असू शकते, किंवा यंत्राने फक्त लय बदललेली असते.

बेंजोवाल्याने पट्टी बदलली असेल तर कंप्रतेचा अक्ष लॉगॅरिदमिक ठेवावा. मग सुरांच्या पायऱ्यांची आकृती तशीच राहून नुसती वर किंवा खाली सरकते. विंडोचा आकार 4096 नमुने ठेवला की सूर रेखीव दिसतात पण थापा पसरतात. 1024 ला उलटे होते. दोन्ही चित्रे काढावीत.

मैदानातल्या दोन कर्ण्यांपैकी एक श्रोत्यापासून 34 मीटर जास्त लांब असेल, तर प्रत्येक थापेमागे 0.1 सेकंदाने तिची सावली उमटते. नवशिके तिला दुगुन समजतात. सावलीचे अंतर लय बदलली तरी बदलत नाही; दुगुनीचे बदलते.

नुसता ठेका जुळणे हा पुरावा नव्हे, केरव्यात शेकडो गाणी आहेत. सुरांच्या पायऱ्या निदान दोन आवर्तने जुळल्याखेरीज गाण्याचे नाव लिहू नये.