कर्मचाऱ्याची पोस्ट: काम, ग्राहक आणि मत

येवल्यातल्या पैठणीच्या दुकानात पगारावर काम करणारा विक्रेता आणि येवला तालुक्यातला तलाठी, दोघांनाही समाजमाध्यमांवर लिहायचे असते. पण दोघांना मुभा सारखी नाही. काम आणि ग्राहक यांबाबत दोघांचे नियम जवळजवळ एकच आहेत. खरा फरक मताचा आहे.

समजा, एका ग्राहकाने मुलीच्या लग्नासाठी बांगडी मोराची, स्वतः निवडलेल्या रंगांची पैठणी सांगितली. विक्रेत्याने मागावरच्या अर्धवट साडीचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली ग्राहकाचे आडनाव व किंमत लिहिली. रंगसंगती बाहेर पडल्याने दुकानाचे नुकसान होते, नाव आणि किंमत कळल्याने ग्राहकाचे. आडनाव खोडले तरी गाव आणि लग्नाची तारीख राहिली, तर माणूस ओळखू येतोच. म्हणून कसोटी नावाची नाही: ग्राहकाच्या नातेवाइकाने पोस्ट वाचली तर त्याला कळेल का, हे पाहावे. साडी घरी पोहोचल्यावर ग्राहक आणि मालक दोघांनी होकार दिला, तर तोच फोटो खुशाल टाकावा. पैठणी कशी विणतात, पदर कसा भरतात, हे तर कोणाचे गुपित नाही.

खासगी कंपन्यांच्या धोरणात सहसा स्वतःच्या खात्यावरून, ‘मत वैयक्तिक’ असे सांगून, कांद्याच्या भावावर किंवा राजकारणावर बोलायला हरकत नसते. द्वेष पसरवणे किंवा कंपनीच्या वतीने बोलल्याचा भास निर्माण करणे मात्र चालत नाही. शिवाय ‘मत वैयक्तिक’ म्हटल्याने फुटलेली माहिती झाकली जात नाही.

तलाठ्याचे तसे नाही. राज्य शासनाच्या 28 जुलै 2025 च्या निर्णयाने कर्मचाऱ्यांना राज्य वा केंद्राच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई केली. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत वापरायची नाही, गोपनीय कागद परवानगीविना टाकायचे नाहीत. भंग झाल्यास 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे गारपिटीच्या पंचनाम्यातला शेतकऱ्याचा गट क्रमांक आणि बँक खाते पोस्ट करणे चूकच. पण ‘मदत तुटपुंजी आहे’ हे वाक्यही त्याला अडचणीत आणू शकते. योजनेची जाहीर झालेली माहिती, अर्जाची मुदत, हे मात्र त्याने जरूर सांगावे.

मला ही टीकाबंदी फार रुंद वाटते. सरकारी नोकरीत शिरल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच, कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले आहे. तरीही नियम बदलेपर्यंत नोकरी पणाला लागते ती कर्मचाऱ्याची. म्हणून मदतीतली त्रुटी दिसली तर तलाठ्याने ती वरिष्ठांना लेखी कळवावी आणि पोहोच घ्यावी. विक्रेत्याने फोटोसाठी मालकाचा होकार मेसेजवर घ्यावा.