नोकरी करत एमपीएससी करायची, तर आठवडा कसा बसवायचा?

रात्रीचे साडेअकरा. जेवण झालंय, डोळे मिटतायत, समोर राज्यघटनेचं पुस्तक उघडं आहे आणि एकच पान तिसऱ्यांदा वाचून झालंय. नोकरी करत राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हा सीन माहितीय. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतंच. मग रविवारी १२ तास बसून सगळं भरून काढू असं ठरतं, आणि रविवार झोपेत आणि घरच्या कामात जातो.

यात आळसापेक्षा चूक असते हिशोबाची. अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्यांचं १० तासांचं टाईमटेबल आपण उचलतो आणि ते नऊ तासांच्या नोकरीवर चिकटवायला बघतो. नोकरी करणाऱ्यानं दिवसाचा नाही, आठवड्याचा हिशोब मांडायचा असतो. तो कसा, हे एका उदाहरणातून बघू.

आधी परीक्षा काय मागते ते बघा

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोन पेपर असतात. सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा, वेळ दोन तास. दुसरा सीसॅट, ८० प्रश्न आणि २०० गुण. सीसॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे, म्हणजे ३३ टक्के मिळवायचे, ६६ गुण. मेरिट लागतं ते पहिल्या पेपरवर. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात.

मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीच्या धर्तीवर लेखी झाली. मराठी आणि इंग्रजी हे पात्रतेचे पेपर. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि ऐच्छिक विषयाचे दोन असे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. म्हणजे १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५.

याचा नोकरदारासाठी अर्थ काय? पूर्वी दोन्ही टप्पे बहुतांशी पर्यायांचेच होते, त्यामुळे वाचन आणि एमसीक्यू यावर बरंचसं निभायचं. आता हातानं लिहायचा सराव लागतो, आणि दमलेल्या डोक्यानं उत्तर लिहिता येत नाही. म्हणून आपल्याकडे किती तास आहेत याइतकंच, त्यातले ताजे तास किती आहेत हे मोजावं लागतं.

१७ तासांचा आठवडा

समजा, एक मुलगी बदलापूरला राहते आणि ठाण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला परत. सुट्टी रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. शिक्षण बीकॉम.

तिनं पहिल्या आठवड्यात टाईमटेबल बनवलंच नाही. फक्त वहीत लिहिलं, की कुठल्या वेळी खरंच अभ्यास झाला आणि त्यातलं दुसऱ्या दिवशी किती आठवलं. आठवड्याच्या शेवटी तीन गोष्टी कळल्या. सकाळी साडेपाच ते सात वाचलेलं टिकतं. रात्री नऊनंतर पाऊण तास हलकं काम होतं, त्यापुढे होत नाही. आणि लोकलमध्ये उभ्यानं पुस्तक उघडता येत नाही, पण कानात ऐकता येतं.

त्यावरून आठवडा असा बसला. सोमवार ते शनिवार सकाळी दीड तास, म्हणजे नऊ तास. चार रात्री पाऊण तास, म्हणजे तीन तास. रविवारी पाच तास. एकूण १७. रात्री सव्वादहाला झोप, सव्वापाचला उठणं, म्हणजे झोप सात तास. लोकलमधलं ऐकणं यात धरलेलं नाही, ते झालं तर बोनस.

आता कुठल्या तासाला कुठलं काम? सकाळच्या सहा बैठकांपैकी चार नव्या वाचनाला आणि दोन उत्तरलेखनाला. लिहिताना घड्याळ लावायचं. २५० गुणांचा पेपर तीन तासांत संपवायचा, म्हणजे १० गुणांच्या उत्तराला साधारण सात मिनिटं मिळतात. पहिल्यांदा पंधरा लागतात, ते चालतं. रात्रीच्या पाऊण तासात नवं काहीच घ्यायचं नाही. सकाळच्या टॉपिकवर २० प्रश्न सोडवायचे आणि पेपरातल्या दोन-तीन बातम्यांच्या नोंदी काढायच्या.

ऐच्छिक विषय म्हणून तिनं वाणिज्य आणि लेखाशास्त्र धरलं. पदवीला तेच होतं आणि नोकरीत त्यातल्या निम्म्या गोष्टी रोज हाताखालून जातात. १७ तासांत पूर्ण नवा विषय शून्यापासून उभा करणं महाग पडतं, हे साधं कारण.

एक पुस्तक किती आठवडे खातं?

प्लॅन फसतो तो इथे. ‘राज्यघटना १५ दिवसांत’ असे व्हिडिओ बघून आपण तसंच लिहितो. पण समजा पुस्तक ६०० पानांचं आहे आणि समजून, खुणा करत तासाला १२ पानं होतात. म्हणजे ५० तास. नव्या वाचनाला आठवड्यात चार सकाळी, म्हणजे सहा तास. तर एका वाचनाला आठ आठवड्यांच्या वर लागणार.

आकडा बघून धक्का बसतो, पण तो आधीच बसलेला बरा. त्यामुळे दोन निर्णय सोपे होतात. एका विषयाला एकच पुस्तक, आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी सहा महिन्यांचा नाही, दीड-दोन वर्षांचा हिशोब. बहुतेक पदांना वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे. त्यातली आपली किती उरली, ते बघून हा हिशोब धरायचा.

रविवारची टेस्ट पुढचा आठवडा ठरवते

रविवारी सकाळी आठ ते दहा आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका, तीही घड्याळ लावून. मग थोडा ब्रेक आणि दोन तास फक्त तपासणी. शेवटचा तास पुढच्या आठवड्याची आखणी. महिन्यातून एका रविवारी सामान्य अध्ययनाऐवजी सीसॅट. ‘ते तर पात्रतेपुरतंच आहे’ म्हणून सीसॅट सोडून देणारे त्याच पेपरात अडकतात, कारण उताऱ्यांचा वेग आयत्या वेळी येत नाही.

तपासताना नुसते मार्क बघायचे नाहीत. पेपर सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: खात्री, दोन पर्यायांत अडकलो, किंवा नुसता अंदाज. तिच्या एका टेस्टचा हिशोब असा आला.

खात्रीचे ४० प्रश्न, त्यात ३४ बरोबर आणि ६ चूक: ६५ गुण.
दोनात अडकलेले ३०, त्यात १६ बरोबर आणि १४ चूक: २५ गुण.
अंदाजाचे २२, त्यात ४ बरोबर आणि १८ चूक: उणे एक गुण.
एकूण ८९.

पहिली नजर अंदाजाच्या २२ प्रश्नांवर जाते. पण तिथे नुकसान एका गुणाचं आहे. खरं नुकसान खात्रीनं चुकलेल्या सहा प्रश्नांत आहे. तिथे मिळाले असते ते १२ गुण गेले आणि वर तीन कापले गेले, म्हणजे १५ गुण. ते टॉपिक डोक्यात चुकीचे बसलेत, ते पुन्हा मूळ पुस्तकातून वाचावे लागतील. दोनात अडकून चुकलेल्या १४ प्रश्नांचं औषध वेगळं. तिथे वाचलेलं होतं, पण पुसट झालं, म्हणजे उजळणी कमी पडली. म्हणून पुढच्या आठवड्यात नव्या वाचनाच्या चारपैकी दोन सकाळी उजळणीला गेल्या.

मार्च आला की काय करायचं?

अकाउंट्सवाल्यांचा मार्च, बँकवाल्यांचं क्लोजिंग, शिक्षकांची निवडणूक ड्युटी. असे आठवडे येणारच. त्यासाठी आधीच एक किमान आठवडा ठरवून ठेवायचा: तीन सकाळी दीड तास आणि रविवारी दीड तास, मिळून सहा तास. त्यात नवं वाचन बंद, फक्त उजळणी आणि एक उत्तर. उद्देश एवढाच, की धागा तुटू नये.

राहिलेलं काम पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. ढकललं की १७ तासांच्या आठवड्यावर २८ तासांचा बोजा येतो आणि तो आठवडाही पडतो. राहिलेल्यासाठी दुसरा आणि चौथा शनिवार आहे. सकाळच्या बैठकीनंतरचे चार तास त्यासाठी मोकळे ठेवायचे. त्यात मावलं ते करायचं, नाही मावलं ते सोडून द्यायचं.

सलग तीन आठवडे किमान आठवडाच होत असेल, झोप सहा तासांखाली गेली असेल किंवा रविवारची टेस्ट दोनदा टळली असेल, तर जिद्द वाढवून उपयोग नाही. आखणीच जड झालीय. १७ चे १३ करा, पण ते १३ दर आठवड्याला होऊ द्या.

रजा आणि पुढे जाणाऱ्या तारखा

२०२४ ची पूर्व परीक्षा २५ ऑगस्टला होणार होती. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आली, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, परीक्षा पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. २०२५ ची २८ सप्टेंबरला होती, पण राज्यात पूर आला आणि ती ९ नोव्हेंबरवर गेली.

ज्यांनी परीक्षेआधीची सगळी रजा एकदम टाकून ठेवली होती, त्यांची अडचण समजू शकते. म्हणून पूर्व परीक्षेसाठी जास्तीत जास्त तीन-चार दिवस रजा ठेवा, तीही हॉलतिकीट आल्यावर पक्की करा. मोठी रजा मुख्य परीक्षेसाठी राखा, कारण नऊ पेपर काही दिवसांत विभागलेले असतात आणि तिथे सुट्टी लागतेच. तारीख पुढे गेली तर नवं पुस्तक उघडायचं नाही. शेवटच्या तीन टेस्टमधल्या चुका घेऊन तोच १७ तासांचा आठवडा पुन्हा चालवायचा.

राहिला प्रश्न नोकरी सोडायची का. निदान १२ आठवड्यांची वही भरल्याशिवाय तो निर्णय घेऊ नका. वहीत १७ तास नियमित होतायत आणि टेस्टचा आकडा सरकतोय, तर नोकरी अडसर नाही. तास होतायत पण आकडा हलत नाही, तर अडचण पद्धतीत आहे, आणि ती राजीनाम्यानं सुटणार नाही. तासच होत नसतील आणि त्याचं कारण खरंच नोकरी असेल, तरच तो विषय घरच्यांसमोर काढा. तेव्हा सोबत घरखर्चाचे किती महिने हातात आहेत, तो आकडाही घेऊन बसा.