तळटीप : दहा पदांची बेरीज आणि बारावे पद

* माणिकपूरच्या वर्गातल्या फळ्यावर 1, 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55 ही पदे लिहिली जातात आणि उत्तर लगेच 143 येते. अकरावे पद 89, बारावे 144; त्यातून 1 वजा. हे का जमते, ते मूळ मजकुरात नाही. प्रत्येक पद म्हणजे त्याच्या पुढच्या दोन पदांमधला फरक : पहिले = तिसरे − दुसरे, दुसरे = चौथे − तिसरे, असे करत दहावे = बारावे − अकरावे. हे सगळे फरक मिळवले की तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंतची पदे एकमेकांना खोडतात. उरते बारावे वजा दुसरे.

म्हणून वजा करायचे ते दुसरे पद. वरच्या श्रेणीत ते 1 आहे, एवढेच. बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांतील लघु-गुरूंच्या रचना मोजताना मिळवलेली श्रेणी 1, 2, 3, 5, 8 अशी चालते. तिचे बारावे पद 233. एक वजा केल्यास 232 येईल, पण खरी बेरीज 231 आहे. पडताळा सोपा आहे : सुरुवात कोणतीही असो, दहा पदांची बेरीज सातव्या पदाच्या अकरापट असते. इथे सातवे पद 21. — संपादक